87 चा 1 कसा झाला

बुधवारी सकाळी सव्वासातला व्हॉट्सॲपवर एक स्क्रीनशॉट आला. खाली एवढंच लिहिलं होतं: "दादा, हे काय?" स्क्रीनशॉट माझ्याच ॲपचा होता. सलग किती दिवस अभ्यास झाला हे सांगणाऱ्या पेटत्या ज्योतीच्या चित्राशेजारी आकडा होता 1. सोमवारी रात्री तिथे 87 होता.

पाठवणारी कोण हे मला माहीत होतं. पुण्यात नवी पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत माझा मामेभाऊ राज्यसेवेची तयारी करतो, तिथे खिडकीजवळच्या टेबलावर बसणारी, सातारा जिल्ह्यातून आलेली मुलगी. मी फोन केला. ती रडत वगैरे नव्हती, पण आवाज कोरडा होता. "मंगळवारी मी पहाटे बसले होते. पाच ते पाच वीस. मग सहाची एसटी पकडून गावी गेले. रात्री उशिरा परत आले. एकही दिवस चुकवला नाही मी."

नोंदी उघडून पाहिल्या. तिचं म्हणणं खरं होतं. पाच ते पाच वीस, सतरा प्रश्नपत्ते, सगळं नोंदलेलं होतं. फक्त ते मंगळवारच्या खात्यात नव्हतं, सोमवारच्या खात्यात होतं.

हे ॲप मी हौसेने केलेलं. नोकरी सॉफ्टवेअरमधलीच, पण अशी गोष्ट स्वतः आखून करायची पहिलीच वेळ. मामेभाऊ म्हणायचा, "दिवसभर अभ्यासिकेत बसतो, पण रात्री विचारलं की आज काय केलंस, तर सांगता येत नाही." म्हणून दोन शनिवार-रविवार खर्चून एक साधी गोष्ट बनवली. "बसलो" आणि "उठलो" अशी दोन बटणं. सोबत प्रश्नपत्ते, म्हणजे पुढे प्रश्न, उलटल्यावर उत्तर, आणि खाली "आलं" किंवा "विसरलं". एका मिनिटाला एक गुण, आणि सलग किती दिवस अभ्यास झाला त्याचा आकडा. मी त्याला "सलग दिवस" असं छान मराठी नाव दिलं होतं. पोरांनी पहिल्याच दिवसापासून त्याला स्ट्रीक म्हटलं आणि विषय संपला.

गुण आणि स्ट्रीक का ठेवले, असं कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगोत असतं, सगळ्यांत असतं, म्हणून ठेवलं. तीन-चार महिन्यांत तोंडी जाहिरातीवर चाळीसेक जण ते वापरायला लागले, तेव्हा मला स्वतःबद्दल फारच चांगलं वाटत होतं.

तर मंगळवारची पहाट. स्ट्रीक मोजणारा माझा हिशेब असा होता:

```python
def next_streak(last_day, today, streak):
    gap = (today - last_day).days
    if gap == 0:
        return streak
    if gap == 1:
        return streak + 1
    return 1
```

शेवटचा अभ्यास कालचा असेल तर एक वाढवा, आजचाच असेल तर तसंच ठेवा, नाहीतर पुन्हा एकपासून. यात चूक नाही. चूक `today` मध्ये होती. सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर, म्हणजे UTC वर चालत होतं, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. त्यामुळे सर्व्हरच्या लेखी आपल्याकडे तारीख बदलत होती पहाटे साडेपाचला.

तिचे तीन दिवस या घड्याळावर मांडून पाहा. सोमवारी रात्री दहाला ती बसली, तेव्हा सर्व्हरवर सोमवारचे दुपारचे साडेचार. मंगळवारी पहाटे पाचला बसली, तेव्हा सर्व्हरवर सोमवारचेच रात्रीचे साडेअकरा. पाच वीसला उठली तेव्हाही सोमवार संपायला दहा मिनिटं बाकी होती. त्यानंतर मंगळवारी ती गावी. बुधवारी सकाळी सातला बसली, तेव्हा सर्व्हरवर बुधवारचे रात्रीचे दीड वाजलेले. सोमवार आणि बुधवार, मधलं अंतर दोन. शेवटची ओळ चालली आणि 87 चा 1 झाला.

चार महिने हे कुणाच्या लक्षात का आलं नाही, याचं कारण मला जास्त बोचलं. अभ्यासिकेतली बहुतेक मंडळी रात्री जागणारी. रात्री दीड-दोनपर्यंत बसायची आणि त्यांच्या मनात तो "आजचाच" दिवस असायचा. साडेपाचला बदलणारी तारीख त्यांच्या सोयीचीच होती. म्हणजे माझी चूक बहुतेकांना फायद्याची ठरत होती, आणि पहाटे उठणाऱ्या चार-पाच जणांना ती कधीतरी एकदा, प्रवासाच्या दिवशी, गाठणार होती.

मी त्याच दुपारी दुरुस्ती केली. तारीख भारतीय वेळेने रात्री बाराला बदलायची. तिचा आकडा हाताने 89 केला, तिला सांगितलं, आणि बाकीच्यांना काही सांगायची गरज वाटली नाही. पुढच्या दोन दिवसांत सहा जणांच्या स्ट्रीक तुटल्या. ही सगळी रात्रीची मंडळी. जेवून, गप्पा मारून सव्वाबाराला बसणारा मुलगा आजवर "आज" मोजला जात होता. आता त्याचा आज निसटून उद्यात गेला. एकाने विचारलं, "दादा, झोपेपर्यंत दिवस संपत नाही ना?" तसं पाहिलं तर आपल्या पंचांगातही वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच धरतात. रात्री बाराला दिवस संपतो ही कॅलेंडरची सोय आहे, झोपणाऱ्या-उठणाऱ्या माणसाची नाही.

अंकी नावाचं पत्त्यांवर अभ्यास करायचं जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याचा नवा दिवस मूळ सेटिंगमध्ये पहाटे चारला सुरू होतो. मी ते वर्षानुवर्षं वापरलं होतं, पण चारच का, हा प्रश्न कधी पडला नव्हता. आता नोंदी काढून पाहिल्या, तर आमच्याकडेही तीन ते चार हाच एक तास जवळजवळ रिकामा होता. जागणारे तीनपर्यंत संपवत होते, उठणारे सव्वाचार-साडेचारला सुरू करत होते. मग हे झालं:

```python
from datetime import timedelta
from zoneinfo import ZoneInfo

IST = ZoneInfo("Asia/Kolkata")

def study_day(t):
    return (t.astimezone(IST) - timedelta(hours=4)).date()
```

चार तास मागे जाऊन तारीख विचारायची, एवढंच. त्यानंतर "दिवस" या विषयावर तक्रार आली नाही.

पण त्या मुलीचं एक वाक्य राहिलं. आकडा परत दिल्यावर तिने आभार मानले आणि म्हणाली, "पण दादा, आता तो माझा वाटत नाही. तुम्ही टाकलाय ना तो." सत्त्याऐंशी दिवस जे तिला कमावलेलं वाटत होतं, ते माझ्या एका आज्ञेने जाऊ शकतं आणि दुसऱ्या आज्ञेने येऊ शकतं, हे तिला दिसलं होतं. मलाही तेव्हाच दिसलं.

गुणांचा गोंधळ मात्र त्याच्या आधीपासूनच चालू होता. तो थोडा विनोदी आहे, निदान सुरुवातीला.

मिनिटाला एक गुण होता तेव्हा आठवड्याची एक यादी लागायची, पहिले दहा जण. एका सकाळी यादीत पहिल्या आलेल्या मुलाच्या नावावर आदल्या दिवसाचे 812 गुण होते. 812 मिनिटं म्हणजे साडेतेरा तास. अभ्यासिकेचे काका दाराशी वही ठेवतात, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. मी सहज विचारलं. काका म्हणाले, "तो? तो संध्याकाळी सहालाच गेला. त्याच्या आधी दोनदा चहाला."

मी त्या मुलाशी बोललो. लबाडी नव्हती. "उठलो" दाबायचं राहिलं, टायमर रात्रभर पळाला, ॲप कधीतरी बंद पडलं तेव्हा थांबला. सकाळी बघतो तर आपण पहिले. "मग म्हटलं राहू दे," तो म्हणाला. त्या "राहू दे"साठी मला त्याचा राग आला नाही. मीही राहू दिलं असतं.

मग मी मिनिटांचे गुण काढून टाकले आणि पत्त्यांना गुण दिले. "आलं" म्हटलं की दोन. चार दिवसांत लोक सोपे पत्ते उपसायला लागले. पंचवीस मिनिटांत तीनशे पत्ते झाल्याची एक नोंद आहे, म्हणजे पत्त्यामागे पाच सेकंद. महाराष्ट्र राज्याची स्थापना कधी झाली, अस्पृश्यता नष्ट करणारं कलम कोणतं, असे पत्ते. 1 मे 1960 आणि कलम 17 हे राज्यसेवेला बसणाऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं.

यावर मी जे केलं ते मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. म्हटलं, सोप्याला कमी आणि अवघडाला जास्त द्यायचं. अवघड कोणता, हे कसं ठरवायचं? जो पत्ता आधी "विसरलं" होता आणि आता "आलं" झाला, तो अवघड. त्याला पाच गुण.

आठवड्याभरात "विसरलं"चं प्रमाण चढलं. आधी विसरायचं, दुसऱ्या दिवशी आठवायचं, पाच गुण घ्यायचे. राज्याची स्थापना कधी झाली हे एक सद्गृहस्थ पंधरा दिवसांत चार वेळा विसरले.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. खरं नुकसान मला आणखी दोन आठवड्यांनी कळलं. ती दोन बटणं फक्त गुणांसाठी नव्हती. पत्ता पुन्हा कधी दाखवायचा हे त्यांच्यावरूनच ठरतं. "आलं" म्हटलं की पत्ता उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग पंधरवड्याने, असा लांब जातो. "विसरलं" म्हटलं की उद्याच परत येतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 साली विसरण्याचा जो आलेख मांडला, त्याच्या उतारावर पत्ता विसरायच्या बेतात असताना पुन्हा पुढे आणायचा, ही या पद्धतीची सगळी जान. ती माणसाने खरं सांगण्यावर उभी आहे. मी त्या खरं सांगण्यालाच दर लावला होता.

परिणाम असा की रोजच्या चाळीस पत्त्यांमध्ये पाठ असलेलेच पत्ते परत परत यायला लागले, कारण लोकांनी ते मुद्दाम "विसरले" होते. जे खरंच डोक्यात बसत नव्हते, पंचायत राजच्या समित्या, वेगवेगळ्या आयोगांची सालं, ते मागे ढकलले गेले. मामेभावाचे बासष्ट पत्ते असे मुदत उलटून पडलेले सापडले. त्याला वाटत होतं आपली उजळणी जोरात चालली आहे, कारण गुण वाढत होते. तो कुणालाच फसवत नव्हता, फक्त खेळात दिसणारी चाल खेळत होता.

इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने एक नियम सांगतात. एखादं माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप राहत नाही. मी हे वाक्य ऑफिसातल्या सादरीकरणांत दोनदा तरी वापरलं असेल. माझ्या बाबतीत माप नुसतं बिघडलं नव्हतं, त्या मापावरून चालणारं यंत्रही बिघडलं होतं. तेव्हापासून "आलं-विसरलं"ला एकही गुण नाही. ज्या बटणावरून ॲप शिकतं, त्या बटणाला बक्षीस लावायचं नाही, हे एवढं मी पक्कं केलं आहे.

आणखी एक गोष्ट कुणी तक्रार न करता चालू होती. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, म्हणजे कागदावर पेनाने उत्तरं लिहायची. हा सराव कंटाळवाणा, हात दुखवणारा आणि सगळ्यांत उपयोगाचा. ॲपला तो दिसत नव्हता. खिडकीजवळची ती मुलगी एकदा सहज बोलून गेली, "लिहायला बसले की फोन बॅगेत असतो. मग दोन तास गेले तरी काहीच वाढत नाही." तिने लिहिणं सोडलं नव्हतं, पण आठवड्यातून चारदा लिहिणारी दोनदा लिहीत होती. ॲपने तिला लिहू नको असं कुठेही म्हटलं नव्हतं. पत्त्यांना आकडा होता आणि लिहिण्याला नव्हता, एवढ्यानेच ते झालं.

आठवड्याची यादी मी नंतर काढून टाकली. त्यात सांगण्यासारखं फार नाही. पहिल्या पाचांना ती आवडायची. दुकानात दिवसभर काम करून रात्री दोन तास बसणाऱ्याला रोज आपण अडतिसावे आहोत हे कळायचं. यादीत पहिल्या दहाच्या खाली स्वतःचा क्रमांक दाखवायची बुद्धी माझीच.

आता स्ट्रीककडे परत. 87 च्या प्रकरणानंतर मी नोंदी नीट वाचायला लागलो, आणि पहिल्यांदा स्वतःची वाचली. माझी 140 दिवसांची स्ट्रीक होती, कारण बनवणारा मीच. त्यातले एकतीस दिवस एका पत्त्याचे होते. रात्री पावणेबाराला एक पत्ता, "आलं", आणि झोप. नियमच तसा होता. काहीही एक नोंद झाली की दिवस मोजला जायचा.

हे मला ओळखीचं वाटलं. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या गिटहब या साइटवर पूर्वी प्रोफाइलवर सलग दिवसांचा आकडा असायचा. तो राखायला मीही रात्री उशिरा एखाद्या फायलीतला स्वल्पविराम बदलून काम केल्याचं दाखवलं आहे. 2016 साली गिटहबने तो आकडा गाजावाजा न करता काढून टाकला. पुढे संशोधकांनी त्या बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ताडून पाहिल्या. लांबलचक स्ट्रीक लोकांनी सोडून दिल्या, शनिवार-रविवारचं काम कमी झालं, आणि दिवसाला एकच नोंद असलेले दिवसही कमी झाले. शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. ते एका नोंदीचे दिवस म्हणजे आमचे पावणेबाराचे पत्ते.

आणि तुटल्यावर? मला वाटत होतं, तुटली तर माणूस दुसऱ्या दिवशी जिद्दीने परत येईल. चार-पाच दिवसांची तुटली तर येत होते. दोन-तीन महिन्यांची तुटली, ते मात्र आठवडा-आठवडा फिरकले नाहीत, काही आलेच नाहीत. रात्री बाराच्या दुरुस्तीत ज्या सहा जणांच्या तुटल्या, त्यातला एक 70 च्या पुढे होता. तो अभ्यासिकेत रोज येत होता, ॲप मात्र त्याने काढून टाकलं. मामेभावाजवळ म्हणाला, "परत एकपासून कोण चालू करणार."

मानसशास्त्रात हे जुनं आहे. हर्मन आणि मॅक यांनी 1975 साली खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या लोकांवर प्रयोग केला. त्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम चाखायला बसवलं. मिल्कशेक प्यायलेल्यांनी पुढे कमी खायला हवं, पण त्यांनी न प्यायलेल्यांपेक्षा जास्त खाल्लं. एकदा उपास मोडलाच आहे, मग साबुदाण्याच्या खिचडीवर का थांबायचं, असा तो हिशेब. चतुर्थीला चुकून पोळीचा तुकडा तोंडात गेल्यावर आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

यातली गंमत अशी की सवयीला एका चुकलेल्या दिवसाने फारसं काही होत नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयी बारा आठवडे पाहिल्या. त्या नोंदींचा आलेख पुढे वाढवून पाहिला तर सवय अंगवळणी पडायला लागणारा वेळ माणसागणिक 18 पासून 254 दिवसांपर्यंत निघाला, मधला आकडा 66. आणि एखाद्या दिवशी चुकलं तर सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे तिच्या अंगात 87 दिवसांची जी सवय होती ती बुधवारी सकाळी तशीच होती. शून्य झालं होतं ते माझ्या ॲपमध्ये. मी मात्र तिला पडद्यावर तेच सांगत होतो की तू पुन्हा पहिल्या पायरीवर आहेस.

एवढं कळूनही मी स्ट्रीक काढली नाही. काढायला धीर झाला नाही, कारण निम्मे लोक तिच्यासाठीच येतात हे दिसत होतं. मी "रजा" आणल्या. दिवस चुकला तर एक रजा खर्च होईल आणि स्ट्रीक वाचेल. ड्युओलिंगोतही स्ट्रीक गोठवून ठेवायची सोय आहेच. फक्त मी रजा गुणांना विकल्या, दोनशे गुणांना एक. ज्यांच्याकडे गुण होते ते रोज येणारेच, त्यांना रजेची गरज नव्हती. ज्याच्या घरी आजारपण, ज्याला दुकान, त्याच्याकडे गुणही नाहीत आणि रजाही नाही.

शेवटी काम केलं ते पूर्व परीक्षेच्या रविवाराने. सकाळी एक पेपर, दुपारी दुसरा, दोन-दोन तासांचे. ती मुलगी संध्याकाळी खोलीवर येऊन डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली. रात्री दहाला तिच्या फोनवर माझं ॲप बोललं: "आज अभ्यास झाला नाही! 131 दिवसांची स्ट्रीक तुटायला 6 तास उरले."

तिने उठून पाच पत्ते केले. मग मला मेसेज केला, त्यात राग नव्हता, एक हसणारा चेहरा होता: "दादा, आज पण?"

ते वाक्य मी कधीतरी मार्चमध्ये लिहिलं होतं, उद्गारचिन्हासकट. परीक्षेच्या दिवशी अभ्यास झाला नाही असं एखाद्या मुलीला सांगणारं वाक्य. त्या रात्री पहिल्यांदा आठवणीचे सगळे मेसेज बंद केले आणि नंतर महिनाभर बाकीचं उलगडत बसलो.

आत्ता जे आहे ते असं. आकडा दिवसांचा नाही, आठवड्यांचा आहे. सोमवार ते रविवार यातले पाच दिवस झाले की आठवडा पूर्ण. दिवस मोजायला किमान वीस मिनिटं, मग ती पत्त्यांची असोत की कागदावर लिहिण्याची. टायमर पन्नास मिनिटांनी विचारतो, "अजून बसलाय?" दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर थांबतो आणि ती दहा मिनिटं कापतो. महिन्याच्या एक तारखेला प्रत्येकाला दोन रजा आपोआप मिळतात, विकत काहीच नाही. परीक्षेची तारीख आधी टाकून ठेवली तर तो दिवस रजा न घेता मोजला जातो. आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात, जो आकडा कधीच कमी होत नाही तो: आजवर एकूण किती दिवस बसलात. आठवडा तुटला तर खालचा लहान आकडा 0 होतो, वरचा तिथेच राहतो. गुण मुळातच नाहीत.

सगळं जमलं असं नाही. मामेभाऊ पूर्वी सात दिवस बसायचा. आता शुक्रवारी त्याचे पाच भरतात आणि शनिवारी तो सिंहगडावर असतो. "तूच पाच म्हणालास," असं वर मलाच. किमान म्हणून ठेवलेला आकडा त्याने कमाल म्हणून घेतला, आणि त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचलेलं नाही. दोघं जण रोजच्या स्ट्रीकसाठी दुसऱ्या ॲपवर गेले. एका मुलाने माझ्यावर न विसंबता टेबलावरच्या कालनिर्णयात लाल पेनाने रोज फुली मारायला घेतली आहे. त्याच्या 60 च्या वर फुल्या झाल्या आहेत, आणि मागच्या आठवड्यात एक दिवस गेला तिथे त्याने फुलीऐवजी "ताप" लिहिलं आहे. पुढच्या दिवसापासून फुल्या परत चालू. कोडमध्ये मला ही सोय सुचली नव्हती.

खिडकीजवळची मुलगी पूर्व परीक्षा पास झाली. आता मुख्यची तयारी चालू आहे आणि फोन बहुतेक वेळ बॅगेत. काल रात्री तिचा मेसेज होता: "दादा, या महिन्याच्या दोन्ही रजा संपल्या. पुढच्या महिन्यातली एक उधार मिळेल का? आजीला दवाखान्यात न्यायचंय."

रजा उधार देण्याचं बटण नाही. मी सर्व्हरवर जाऊन हाताने एक वाढवली, आणि या वेळीही तिला तसं सांगितलं.